फिट, कांदा आणि दीडशे शब्द: गैरसमज दुरुस्त करणारी पोस्ट डॉक्टरने कशी लिहावी

फिट आलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा फोडून धरायचा, कांदा नसेल तर चप्पल, आणि हातात किल्ल्यांचा जुडगा द्यायचा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही एसटी स्टँडवर हे तीनही उपाय दोन मिनिटांत हजर होतात. हे दुरुस्त करावं असं बहुतेक डॉक्टरांना वाटतं. लिहायला बसलं की मात्र त्यातून एक तर व्याख्यान निघतं, नाही तर टोमणा. हा लेख या एकाच गैरसमजावरच्या एका छोट्या पोस्टबद्दल आहे. ती फेसबुकवर टाकता येईल, व्हॉट्सॲपवर पुढे जाईल आणि ज्याने गेल्या महिन्यात खरोखर कांदा धरला होता तो माणूसही ती शेवटपर्यंत वाचेल, अशी ती हवी.

आधी नेमकं काय होतं ते विचारा

लिहिण्याआधी आठवडाभर ओपीडीत नातेवाइकांना एक प्रश्न विचारा: "फिट आली तेव्हा तुम्ही काय काय केलंत?" एवढंच विचारायचं. "कांदाबिंदा नाही ना लावलात?" असं विचारलंत तर उत्तर 'नाही' येणार, कारण तुम्हाला काय आवडणार नाही हे प्रश्नातच कळलं. मोकळा प्रश्न विचारला की एकेक गोष्ट बाहेर येते. कुणी चप्पल हुंगवलेली असते, कुणी दातखीळ सोडवायला चमचा घातलेला असतो, कुणी तोंडात पाणी ओतलेलं असतं, चौघांनी मिळून हातपाय दाबून धरलेले असतात.

या सगळ्या गोष्टी सारख्या धोक्याच्या नाहीत, आणि इथे डॉक्टरने थोडं थांबून विचार करायला हवा. हातात दिलेली किल्ली बहुधा निरुपद्रवी. नाकाशी धरलेला कांदा मध्ये कुठेतरी: त्याने थेट अपाय फारसा होत नाही, पण तो धरण्याच्या नादात माणूस उताणाच राहतो. चमचा आणि पाणी हे खरे धोकादायक. दात तुटून श्वासनलिकेत जाऊ शकतो, पाणी फुप्फुसात उतरू शकतं, मदत करणाऱ्याचं बोट चावलं जातं. 'जीभ गिळली जाईल' या भीतीपोटी हे केलं जातं, पण जीभ गिळली जात नाही. ती चावली जाते. ती जखम भरून येते, आणि चमच्याने ती टळतही नाही.

मग पोस्ट चमच्यावर का लिहायची नाही? लिहिता येईल. पण लोकांचा विश्वास कांद्यावर आहे. चमचा घाबरून घातला जातो, कांदा खात्रीने आणला जातो. म्हणून पोस्टचा विषय कांदा ठेवायचा आणि 'तोंडात काही घालू नका' हे वाक्य त्यातल्या कृतीच्या भागात ठळक बसवायचं. किल्ली सोडून द्या. एका पोस्टमध्ये तीन गैरसमज खोडायला गेलात तर वाचणाऱ्याला फक्त आपण कुठे कुठे चुकतो याची यादी मिळते.

कांदा लागू पडतो असं का दिसतं

हे स्वतःला नीट समजल्याशिवाय लिहू नये. पोस्टचा सूर इथेच ठरतो.

मोठी फिट कशी जाते ते घड्याळ लावून पाहा. माणूस ओरडतो, ताठ होतो, पडतो. दहा-वीस सेकंदांत झटके सुरू होतात. पहिलं अर्ध मिनिट आजूबाजूचे नुसते हादरलेले असतात. मग कुणीतरी "कांदा आणा" म्हणतं. स्वयंपाकघरातून किंवा शेजारच्या हॉटेलातून कांदा येऊन, बुक्कीने फुटून, नाकाशी पोचेपर्यंत दीड-दोन मिनिटं गेलेली असतात. आणि अशा बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. म्हणजे कांदा नाकाशी पोचतो तेव्हा फिट संपतच आलेली असते. बघणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की कांदा लावला आणि झटके थांबले. त्याने डोळ्यांनी पाहिलेलं खोटं नाही, त्याने लावलेला संबंध चुकीचा आहे. हा फरक पोस्टमध्ये उतरला पाहिजे.

आणखी एक गोष्ट कांद्याच्या बाजूने जाते. रस्त्यात कोसळलेला प्रत्येक जण फिटचा रुग्ण नसतो. उन्हात, रांगेत, उपाशीपोटी चक्कर येऊन पडलेल्यांनाही दोन-चार झटके येतात आणि आडवं झाल्यावर ते काही सेकंदांत शुद्धीवर येऊ लागतात. तिथेही श्रेय कांद्यालाच मिळतं. शिवाय उलट बाजूचा अनुभव कुणाच्या लक्षात राहत नाही: कांदा लावूनही दहा मिनिटं चाललेल्या फिटबद्दल "फारच जोराची होती" असं म्हटलं जातं.

एक बारकावा डॉक्टरला माहीत असावा, पोस्टमध्ये नसला तरी. मेंदूच्या टेम्पोरल भागातून सुरू होणाऱ्या काही फिटमध्ये सुरुवातीला रुग्णाला विचित्र वास येतो. अशा मोजक्या रुग्णांत अगदी सुरुवातीच्या क्षणी तीव्र वास दिल्यावर पुढची फिट टळल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. रॉबर्ट एफ्रन यांनी १९५० च्या दशकात असा एक रुग्ण अभ्यासला होता. पण तो उपाय शुद्धीवर असलेल्या माणसाने, फिट पसरण्याआधी करायचा होता. जमिनीवर बेशुद्ध पडून झटके देणाऱ्या माणसाला तो लागू होत नाही. तरीही 'वासाचा फिटशी काडीचाही संबंध नाही' असं ठासून लिहू नका. कुणीतरी हा संदर्भ घेऊन येईल, आणि मग तुमचं बाकीचं खरंही संशयित ठरेल.

पहिला मसुदा, जो टाकायचा नाही

बहुतेकांच्या बोटांवर आधी हे येतं:

"एकविसाव्या शतकातही लोक फिट आलेल्याला कांदा हुंगवतात! अहो, कांद्याने फिट थांबत असती तर आम्ही न्यूरॉलॉजी शिकण्याऐवजी भाजीची गाडी लावली असती. ही अंधश्रद्धा आहे. कृपया सुशिक्षितांसारखे वागा आणि रुग्णाला डॉक्टरकडे न्या."

भाजीच्या गाडीचं वाक्य चांगलं जमलंय, हे मान्य. त्यावर हसण्याच्या खुणाही भरपूर येतील, पण त्या येतील तुमच्या बॅचमेट्सकडून, म्हणजे ज्यांनी कधीच कांदा लावला नसता त्यांच्याकडून. कांदा लावणारा पहिल्या वाक्यालाच बाहेर पडला. 'लोक' म्हटलं की तो त्या लोकांत गेला. 'अंधश्रद्धा' म्हटलं की त्याच्या कानात आपल्याकडची जुनी भांडणं वाजायला लागतात आणि प्रश्न फिटचा न राहता कुठल्या गटाचा हा होतो. 'सुशिक्षितांसारखे' या शब्दाने त्याच्या आईचा अपमान झाला, कारण कांदा तिने शिकवला होता.

याहून मोठा दोष वेगळाच आहे. पोस्ट वाचून झाल्यावर समोर माणूस पडला तर करायचं काय, ते यात नाहीच. 'डॉक्टरकडे न्या' ही पुढच्या तासाची गोष्ट झाली. कांदा पहिल्या दोन मिनिटांतली रिकामी जागा भरतो. ती जागा तुम्ही दुसऱ्या कृतीने भरली नाहीत तर कांदाच परत येणार.

वाक्यांचा क्रम

सुरुवात कृतीने करा. फेसबुकवर लांब मजकूर मध्येच कापला जातो आणि 'आणखी पाहा' दाबणारे थोडे. व्हॉट्सॲपवरही लोक वरच्या दोन ओळी वाचून पुढे पाठवतात. त्या दोन ओळींत कांदा असला तर लक्षात कांदा राहतो. एखादी गोष्ट वारंवार कानावर पडली की ती खरी वाटू लागते, हे मानसशास्त्रात १९७० च्या दशकापासून प्रयोगांनी दिसलेलं आहे. म्हणून गैरसमजाचा उल्लेख एकदाच, मध्यावर, आणि तो येण्याआधी योग्य गोष्ट सांगून झालेली.

त्यानंतर तो समज का पटतो हे एका वाक्यात सांगायचं. हे वाक्य गाळायचा मोह होतो, कारण जागा खाते. गाळू नका. आपल्याला मूर्ख ठरवलेलं नाही हे वाचणाऱ्याला याच वाक्यातून कळतं. मग नुकसान काय होतं ते सांगायचं, आणि परत कृती.

हा क्रम धरून झालेला मसुदा असा:

"कुणाला फिट (आकडी, मिरगी) आली तर आधी घड्याळ बघा. मग त्याला हळूच एका कुशीवर वळवा, डोक्याखाली ओढणी किंवा रुमाल ठेवा, गळ्याजवळचं बटण सैल करा. तोंडात काहीही घालू नका: पाणी नाही, चमचा नाही, बोट नाही. हातपाय दाबून धरू नका.

बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. पाच मिनिटांपुढे गेली, शुद्ध येण्याआधी दुसरी आली, डोक्याला मार लागला किंवा बाई गरोदर असेल तर लगेच १०८.

आपल्याकडे अशा वेळी कांदा किंवा चप्पल हुंगवतात. ती नाकाशी येईपर्यंत फिट थांबायची वेळ झालेलीच असते, म्हणून तिचा गुण आला असं कुणालाही वाटेल. पण नाकाशी काही दाबून धरल्याने श्वासाला अडथळा होतो आणि कुशीवर वळवायचं राहून जातं.

धावून जाता, तसेच धावून जा. फक्त कांदा शोधायला कुणाला पाठवू नका, त्याला वेळ मोजायला सांगा."

शेवटच्या ओळीकडे बघा. ज्याने कांदा आणला असता त्यालाच काम दिलंय. गर्दीत काहीतरी करायला धडपडणारा एक माणूस असतोच. त्याला 'काही करू नका' सांगितलं तर तो ऐकत नाही, 'वेळ मोजा' सांगितलं तर मोजतो. आणि ती वेळ पुढे आपल्याला हवीच असते. "खूप वेळ चालली" यावरून काही ठरवता येत नाही, "चार मिनिटं" यावरून येतं.

पाच मिनिटांची सीमाही उगाच नाही. तोपर्यंत न थांबलेली फिट पुढे आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते, म्हणून तिथून औषधोपचार सुरू करायचे असतात. पोस्टमध्ये एवढं स्पष्टीकरण लागत नाही, कुणी विचारलं तर द्यावं. आकडा मात्र एकच ठेवा. 'तीन ते पाच मिनिटं' लिहिलंत की घाबरलेला माणूस दोन्ही विसरतो.

वाचून घ्या, पण डॉक्टरांकडून नव्हे

मसुदा वॉर्डातल्या मावशींना, मेडिकल दुकानातल्या मुलाला, गावाकडच्या एखाद्या काकांना द्या. "समजलं का?" विचारू नका; सगळे हो म्हणतात. मोबाइल बाजूला ठेवायला सांगा आणि विचारा, "आत्ता इथे कुणाला फिट आली तर काय कराल?" पहिल्या दोन गोष्टींत 'कुशीवर' आणि 'वेळ' आलं तर क्रम बरोबर आहे. "कांद्याचं काहीतरी लिहिलं होतं बघा" असं आलं तर तो परिच्छेद अजून खाली न्या आणि लहान करा.

या चाचणीत वरच्या मसुद्यातला एक खड्डा हमखास सापडतो. 'फिट आपोआप थांबते' हे वाचून काही जण म्हणतात, "म्हणजे दवाखान्याची गरज नाही तर!" आणि ज्याच्या घरी गोळ्या चालू आहेत तो मनात म्हणतो, मग या गोळ्या कशाला? एक गैरसमज काढताना आपण दुसरा पेरला. गोळ्या अचानक बंद करणं हे तर फिट उलटण्याचं, लांबण्याचं नेहमीचं कारण. म्हणून दुसऱ्या परिच्छेदाला ही भर हवीच: "थांबली तरी आयुष्यातली पहिली फिट असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीही देऊ नका." एवढं घालून पोस्ट दीडशे शब्दांच्या आत-बाहेर बसते. जागा हवी असेल तर बटणाची ओळ काढा, ही ओळ नको.

चित्र, नाव आणि बाकीचं

फुलीमारलेल्या कांद्याचं चित्र टाकू नका. मजकूर न वाचता चित्र बघणारे खूप असतात, आणि त्यांना दिसतो फिटशेजारी कांदा. कुशीवर झोपवलेल्या माणसाचं साधं रेखाचित्र पुरतं: वरचा गुडघा दुमडलेला, तोंड किंचित खाली, बाजूला घड्याळ.

खऱ्या रुग्णाचा व्हिडिओ तर नाहीच, चेहरा झाकूनही नाही. तालुक्याच्या गावात शर्टावरून माणूस ओळखतात. फिटचा आजार लपवण्यामागे आपल्याकडे लग्नाची भीती मोठी आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातल्या विवाहाच्या अटींमधून हा आजार १९९९ साली काढून टाकला गेला, पण स्थळ बघायला आलेल्यांना ते कुठे माहीत असतं? तुमच्या 'जनजागृती'ची किंमत एखाद्या मुलीने मोजू नये. "परवा माझ्याकडे एक रुग्ण आला" ही सुरुवातसुद्धा लहान गावात टाळलेली बरी.

नाव, पदवी आणि महिना-वर्ष मजकुराच्या आतच शेवटी लिहा. पोस्ट कॉपी होऊन पुढे जाते तेव्हा वरचं प्रोफाइल मागेच राहतं, आणि बिननावी मजकूर म्हणजे आणखी एक फॉरवर्ड. क्लिनिकचा पत्ता आणि फोन मात्र नको. एक तर २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करायला मनाई आहे. दुसरं म्हणजे, पत्ता दिसला की वाचणारा म्हणतो, बरोबर, यांना पेशंट हवेत. मग कांदा फुकट असल्याची आठवण होतेच.

पोस्ट टाकल्यानंतर

पहिली टिप्पणी ठरलेली: "आमच्या आजोबांनी कांद्याने कितीतरी जणांच्या फिट थांबवल्यात, स्वतः पाहिलंय." याला उत्तर लिहिताना आजोबांना हात लावायचा नाही. "फिट थांबलेली तुम्ही पाहिलीत, त्यात शंका नाही. आजोबा धावले म्हणून तो माणूस एकटा पडला नाही. पुढच्या वेळी कांदा लावण्याआधी फक्त घड्याळ बघा, किती मिनिटं झालीत ते." बस. वाद जिंकायला जाऊ नका. हे उत्तर त्या एकापेक्षा मुकाट्याने वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी आहे. तोच माणूस तिसऱ्यांदा आला तर उत्तर थांबवा.

कुणीतरी विचारेल, "मग नाकातून काहीच उपयोग नाही का?" हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण उपयोग आहे. मिडाझोलाम नावाचं औषध नाकात मारायच्या स्प्रेच्या रूपात मिळतं आणि लांबलेली फिट थांबवायला ते घरी वापरता येतं. पण ज्याला डॉक्टरांनी लिहून दिलंय त्यालाच, सांगितलेल्या मात्रेत आणि सांगितलेल्या वेळी. एवढंच लिहा, मात्रा लिहू नका.

त्रास खरा होतो तो आपल्याच बाजूच्या लोकांकडून. "डॉक्टर, या अडाण्यांना कितीही सांगा, कांदाच हुंगणार" अशी टिप्पणी खाली आली आणि तुम्ही तिला अंगठा दिलात, तर वरचं सगळं लिहिणं वाया गेलं. ती काढून टाका, किंवा खाली सरळ लिहा की इथे कुणाला अडाणी म्हणायचं नाही. बॅचमेट रुसला तर रुसू दे.

आणि शेवटी कुणी आई लिहिते: "माझ्या मुलाला रोज दोनदा फिट येते, कुठली गोळी देऊ?" तिथे गोळी सुचवायची नाही, कारण वय, वजन, आधीची औषधं, फिटचा प्रकार यातलं काहीच समोर नाही. पण "डॉक्टरांना दाखवा" एवढं कोरडंही लिहू नका. रोज फिट येणं म्हणजे उपचारात लवकर बदल लागणार हे सांगा, जवळच्या जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत याच आठवड्यात न्यायला सांगा. जाताना सोबत काय न्यायचं तेही लिहा: चालू गोळ्यांची पाकिटं, फिट कधी आणि किती मिनिटं आली याची वहीतली नोंद, आणि घरच्याच मोबाइलवर घेतलेला एका फिटचा व्हिडिओ, फक्त डॉक्टरांना दाखवण्यासाठी. मुलाचं नाव आलेली तिची टिप्पणी मग लपवून ठेवा आणि तिला तसं निरोपात कळवा.